एका थेंबाचे पावणेतीन तास

रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरते ते पिवळसर पाणी म्हणजे रक्तद्रव, प्लाझ्मा. त्याचा एक थेंब घेऊ. एका मिलिलिटरचा विसावा भाग. आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून साधारण 20 लाख नेफ्रॉन असतात. हा थेंब त्यांतल्या एकाच नेफ्रॉनकडे पाठवला, तर तो पुरता आत यायला सुमारे पावणेतीन तास लागतील. इतकी ही नळी बारीक. तरीही सगळे नेफ्रॉन मिळून दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात, आणि शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम 3 लिटर. म्हणजे तोच तो रक्तद्रव दिवसातून 60 वेळा गाळला जातो.

थेंब पहिल्यांदा पोहोचतो ग्लोमेरुलसमध्ये. स्लाइडवर हा केशवाहिन्यांचा गुंता गोल पुंजक्यासारखा दिसतो, आणि त्याच्याभोवती बोमनच्या संपुटाची पांढरी फट. पुंजक्याचा व्यास सुमारे 200 मायक्रॉन आणि स्लाइडसाठीचा काप 5 मायक्रॉनचा; एका ग्लोमेरुलसचे असे 40 काप पडतील. आपण पाहतो तो त्यांतला एक.

इथे रक्ताच्या दाबाने थेंबाचा साधारण पाचवा भाग संपुटात ढकलला जातो. पाणी, मीठ, ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन सगळे जाते. मोठी प्रथिने आणि पेशी मागे राहतात. ही झाली गाळण. तिथे उपयोगी-निरुपयोगी असा भेद नसतो, निवड होते ती जवळजवळ फक्त आकारावर आणि विद्युतभारावर. म्हणून दिवसभरात गाळून बाहेर पडलेल्या सोडियमचा हिशेब खाण्याच्या मिठात केला, तर तो दीड किलोच्या आसपास भरतो. ग्लुकोज जाते सुमारे 180 ग्रॅम. हे सगळे लघवीवाटे गेले असते, तर माणूस तासाभरातच कोसळला असता.

म्हणून पुढची नळी परत घेण्याच्या कामाला लागते. स्लाइडवर ग्लोमेरुलसच्या आसपास गडद गुलाबी, आतून मखमली कडेची जी वर्तुळे दिसतात, ती निकटवर्ती नलिकेची. दूरस्थ नलिकेची पोकळी स्वच्छ दिसते, तिला ही मखमल नसते. गुलाबी वर्तुळे संख्येने जास्त असतात, कारण ही नलिका लांब आणि वेटोळी आहे. काप एकाच नलिकेला अनेकदा छेदतो. गाळलेल्या पाण्याचा आणि सोडियमचा दोन तृतीयांश भाग इथेच रक्तात परततो, आणि ग्लुकोज जवळजवळ सगळेच. पुढे हेन्लेचा पाश, दूरस्थ नलिका आणि संग्राहक नलिका उरलेल्याची वाटणी करतात. शेवटी 180 लिटरांतून लघवी होते दीडेक लिटर. हे पुनःशोषण.

थेंबाचे बाकीचे चार भाग गाळलेच गेले नव्हते. ते पुढच्या केशवाहिन्यांतून याच नळ्यांना बिलगून वाहतात. नळीच्या पेशी त्यांतून काही पदार्थ उचलून नळीत टाकतात, हे स्रवण. पेनिसिलिन मुख्यतः याच वाटेने शरीराबाहेर जाते, आणि फार वेगाने. 1941 मध्ये ऑक्सफर्डला औषध इतके तुटपुंजे होते, की पहिल्या रुग्णाच्या लघवीतून ते काढून त्याला पुन्हा टोचले गेले.

आता परत घेण्याची मर्यादा ग्लुकोजवर पाहू. रक्तातली साखर 100 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असेल, तर मिनिटाला 125 मिलिलिटर गाळणीतून 125 मिलिग्रॅम ग्लुकोज नळ्यांत येते. नळ्या मिनिटाला साधारण 375 मिलिग्रॅम उचलू शकतात, त्यामुळे लघवीत काही उरत नाही. साखर 400 वर गेली की मिनिटाला 500 मिलिग्रॅम येते. वाहक प्रथिने सगळी गुंतलेली असतात, आणि 125 मिलिग्रॅम तसेच पुढे जाते. दिवसभर हीच पातळी राहिली, तर हिशेबाने 180 ग्रॅम साखर लघवीत जाईल. ती आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. वारंवार लघवी आणि न भागणारी तहान यांचे कारण तेच.

सगळे नेफ्रॉन सारखे नसतात. काहींची क्षमता आधी संपते, म्हणून रक्तातली साखर साधारण 180 च्या पुढे गेली की ती लघवीत दिसू लागते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त भरणे हे मधुमेहाचे एक निदान-चिन्ह आहे. 126 आणि 180 यांच्यामध्ये असलेल्या माणसाच्या लघवीची पट्टी अगदी स्वच्छ येऊ शकते. नळ्यांनी सगळी साखर उचलून परत रक्तात घातलेली असते. म्हणून लघवीत साखर नाही एवढ्यावरून मधुमेह नाही असे ठरवता येत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.