गच्चीवरच्या बागेसाठी कमिटीला पत्र

आमच्या कमिटीला दिलेलं पत्र. हवं तर उचला.

मा. सचिव,
गच्चीवर सामायिक बागेसाठी परवानगी मिळावी. वजनाची शंका येणं रास्तच आहे. वावर असलेल्या गच्चीला दर चौरस मीटर साधारण 150 किलो भार धरतात. फूटभर ओली माती एकटीच 500 किलोच्या आसपास भरते. म्हणून मातीचे वाफे नकोत. कोकोपीट-कंपोस्टच्या वीतभर उंचीच्या ग्रो-बॅगा कठड्यालगत, खाली बीम आहे तिथेच ठेवू. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी देऊ.

गळती बहुधा तुंबलेल्या पाण्याने होते. बॅगा विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवू, म्हणजे उतार मोकळा राहील. पावसाळी पाइपच्या तोंडावरची जाळी दर रविवारी साफ करू. बॅगा ठेवण्याआधी गच्चीत दोन इंच पाणी 48 तास साठवून वरच्या मजल्याचं छत तपासू. ओल दिसली, तर आधी वॉटरप्रूफिंग.