३२०० ची रॅम २१३३ वर का चालते?

खोक्यावर ३२०० असा आकडा असलेली गेमिंग रॅम संगणकात बसवली, तरी ती आपोआप त्या वेगाने धावत नाही. डीडीआर४ जातीची अशी रॅम पहिल्यांदा सुरू होते ती बहुधा २१३३ किंवा २४०० वर. बायोसमधली एक सेटिंग बदलेपर्यंत ती तिथेच राहते, आणि संगणक सुरळीत चालत असल्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला शंकाही येत नाही.

याचे मूळ रॅमच्या पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये आहे. तिच्यात पट्टीच्या वेगाची कोष्टके साठवलेली असतात. काही कोष्टके जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार असतात. त्यांत वेग कमी आणि व्होल्टेज १.२ असते. त्यांच्याशेजारी उत्पादकाने स्वतः तपासून ठरवलेले जलद कोष्टक असते. इंटेलने रूढ केलेल्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, तर डीडीआर५ साठी एएमडीने आणलेल्या पद्धतीत एक्स्पो. खोक्यावरचा आकडा येतो तो या दुसऱ्या कोष्टकातून. मदरबोर्ड मात्र आधी पहिले कोष्टक उचलतो, कारण रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याला वाढीव वेग पेलेल याची हमी कोणीच दिलेली नसते.

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या असलेला संगणक घेऊ. पट्ट्यांवर ३२०० आणि सीएल१६ लिहिलेले आहे. विंडोजमध्ये `Ctrl+Shift+Esc` दाबून `Performance` आणि मग `Memory` उघडले, की `Speed` समोर २१३३ दिसते. (सीपीयू-झेड हा प्रोग्राम याच्या निम्मा, १०६६ च्या आसपासचा आकडा दाखवतो. त्यात बिघाड नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते.) या वेगाला दोन पट्ट्या मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ३४ जीबी माहिती देऊ शकतात. ३२०० वर हाच आकडा ५१ होतो. मागितलेली माहिती हाती येऊ लागण्याचा वेळही सुमारे १४ नॅनोसेकंदांवरून १० वर येतो. शिवाय या रायझनमध्ये प्रोसेसरचे भाग जोडणारा अंतर्गत मार्ग रॅमच्या घड्याळाबरोबर चालतो, म्हणून रॅम मंदावली की तोही मंदावतो.

संगणक सुरू होताना `Delete` किंवा `F2` दाबत राहिले की बायोस उघडते. पहिल्याच पडद्यावर किंवा ओव्हरक्लॉकिंगच्या विभागात `XMP`, `A-XMP`, `DOCP` किंवा `EXPO` यांपैकी एक नाव सापडते. तिथे `Disabled` च्या जागी `Profile 1` निवडायचे आणि `F10` दाबून जतन करायचे. वेग, टायमिंग आणि १.३५ व्होल्ट हे सारे एकदम लागू होते. यानंतर पडदा काही वेळ काळा राहिला किंवा संगणक दोन-तीनदा स्वतःहून सुरू झाला, तर वीज तोडू नये. मदरबोर्ड नव्या वेगाशी जुळवून घेत असतो, आणि डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटेही लागतात.

जुळलेच नाही, तर बहुतेक बोर्ड आपणहून जुन्या वेगावर परततात. तसे न झाल्यास प्लग काढून बोर्डावरचा बटन सेल काही मिनिटे बाहेर ठेवला, की बायोस मूळ स्थितीत येते. खरा धोका अर्धवट जुळण्यात आहे: विंडोज उघडते, पण गेम मध्येच बंद पडतात, निळा पडदा येतो, झिप फाइल उलगडताना चूक निघते. म्हणून प्रोफाइल लावल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची पूर्ण चाचणी घ्यावी. तिच्यात एकही चूक चालत नाही. चूक निघाली, तर प्रोफाइल तसेच ठेवून वेग तेवढा ३००० किंवा २९३३ वर आणावा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र बसवल्यावर अशा चुका अधिक निघतात, कारण प्रोफाइल एकत्र विकलेल्या संचापुरतेच तपासलेले असते.

काही बोर्डांवर या सेटिंगचा उपयोगच होत नाही. इंटेलचे एच४१० आणि बी४६० हे चिपसेट प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे रॅम जाऊ देत नाहीत. इंटेल आणि एएमडी दोघेही प्रोफाइल लावणे हे ओव्हरक्लॉकिंग मानतात, त्यामुळे वॉरंटीच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या. फायदाही सगळीकडे सारखा नसतो. १०८०पी वर, जिथे प्रोसेसरला धाप लागते, तिथे खेळ जाणवण्याइतका सुरळीत होतो. ४के वर सारा भार ग्राफिक्स कार्डावर असल्याने फरक फारसा दिसत नाही.

बायोस अद्ययावत केले किंवा बटन सेल संपला, की ही सेटिंग बहुधा पुसली जाते आणि रॅम पुन्हा २१३३ वर येते. त्या दोन्ही वेळी `Speed` समोरचा आकडा पुन्हा पाहावा.