नवराबायकोची सवलत एकत्र होत नाही

मागच्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: ‘माणशी पन्नास हजार, मग आम्ही दोघं म्हणजे एक लाख ना?’ तर नाही. 2024 मध्ये 2016चे बॅगेज नियम लागू होते आणि त्यांत स्पष्ट म्हटलं होतं, की एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही.

आमच्या मेव्हण्यांचंच बघा. ते आणि वहिनी आठ दिवस दुबईला जाऊन आले. येताना मेव्हण्यांनी 80,000 रुपयांचा कॅमेरा घेतला, वहिनींनी 12,000 ची अत्तरं. बेरीज 92,000, लाखाच्या आत, म्हणून स्वारी खुशीत ग्रीन चॅनलकडे निघाली होती. वहिनींनी हात धरून रेड चॅनलला नेलं, हे नशीब! कॅमेरा ही एक वस्तू, तिचे दोन तुकडे करून दोघांच्या नावावर टाकता येत नाहीत. 80,000 मधून मेव्हण्यांचे 50,000 वजा, उरले 30,000. त्यावर 35 टक्के शुल्क आणि त्या शुल्काच्या दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के: 11,550 रुपये भरले. वहिनींचे 38,000 वापराविना राहिले.

मेव्हण्यांच्या बॅगेत लॅपटॉपही होता. तो मोजला नाही, कारण अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप त्या पन्नास हजारांच्या बाहेर माफ होता. अंगावरचे वापरलेले कपडे वगैरे तर मोजतच नाहीत. दारूचं मात्र उलट होतं. दोन लिटरपर्यंत आणता यायची, पण तिची किंमत पन्नास हजारांतच धरली जायची. ती वेगळी भेट नव्हती.

टीव्हीबाबत लोक हमखास फसतात. 2016च्या नियमांत फ्लॅट पॅनल टीव्ही सवलतीतून वगळलेला होता, त्यामुळे पन्नास हजार वजा होतच नसत. 40,000 च्या टीव्हीवर पूर्ण किमतीवर 15,400 रुपये लागायचे. मग तिकडून उचलून आणण्यात काय राहिलं?

सोन्याचं विचारलंय बऱ्याच जणींनी. चाळीस ग्रॅम दागिन्यांची माफी ही वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईसाठी आहे, आठ दिवसांच्या सहलीसाठी नाही. शिवाय 2016च्या नियमांत तिला एक लाखाची मर्यादा होती. पुरुषांना वीस ग्रॅम आणि तेव्हा पन्नास हजार. 2024च्या भावात ही किमतीची मर्यादा वजनाच्या कितीतरी आधी संपायची. घरचे दागिने घालून जाणार असाल, तर निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ‘हे आमचंच’ म्हणायला तो कागद लागतो, आणि दुकानाची बिलं हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नव्हे.