कुत्रा उभ्या उभ्या सगळं अंग तुमच्या पायावर का टाकतो? हे प्रेम आहे, भीती आहे की आजार?

गेटवर शेजाऱ्यांशी दोन मिनिटं बोलायला थांबलं, की कुत्रा मागून येतो, पाठ फिरवून उभा राहतो आणि सगळं अंग पायावर सोडून देतो. लॅब्राडॉर किंवा ग्रेट डेन असेल तर माणसाचा तोल जायची वेळ येते. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव ओळखीचा असेल.

“तो तुमच्यावर वर्चस्व गाजवतोय, लगेच बाजूला ढकला,” असा सल्लाही मग कुणीतरी हमखास देतं. पण या सल्ल्यात फारसं तथ्य नाही. कुत्रा टेकतो तेव्हा त्याच्या शरीराचा तोल तुमच्या पायावर असतो. तुम्ही अचानक बाजूला झालात तर तो धडपडेल. शिवाय त्याचं तोंड दुसरीकडे असतं, म्हणजे तुम्ही काय करताय हे त्याला दिसत नाही. समोरच्याला दाबायचं असेल तर कुणी स्वतःला इतकं त्याच्या भरवशावर सोडणार नाही.

मग तो टेकतो कशासाठी?

याचं उत्तर कुत्रा आणि मालकाच्या नात्यात आहे. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये जोझेफ टोपाल, आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये 51 कुत्री आणि त्यांच्या मालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मूल आणि आई यांचं नातं तपासण्याची जी पद्धत आहे, तीच त्यांनी इथे वापरली. अनोळखी खोलीत कुत्रा कधी मालकासोबत, कधी परक्या माणसासोबत, तर कधी एकटा असायचा. मालक सोबत असताना कुत्री जास्त खेळली. मालक बाहेर जाऊन परत आला की त्याला जाऊन भिडली. थोडक्यात, मालक हा कुत्र्यासाठी सुरक्षित जागेसारखा असतो. टेकणं म्हणजे त्या जागेला पाठ लावून जगाकडे बघणं.

याला सवयीचीही जोड मिळते. कुत्रा टेकला की आपला हात आपसूक त्याच्या मानेवर जातो. मोठ्या कुत्र्याला मांडीवर बसता येत नाही, पण त्याचा खांदा आपल्या गुडघ्याच्या उंचीला येतो. टेकलं की कुरवाळून मिळतं, हे तो लवकर शिकतो.

रस्त्यावरून आणलेला देशी कुत्राही असं करतो का?

हो. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काही अनोळखी माणसांनी कुत्र्यांना वारंवार जास्तीचं खायला दिलं, तर काहींनी फक्त कुरवाळलं. कुत्र्यांचा विश्वास खाऊपेक्षा कुरवाळण्याने जास्त बसला. स्पर्शाची ओढ फक्त घरात वाढलेल्या कुत्र्यांनाच असते असं नाही.

निवांत टेकणं आणि घाबरून टेकणं कसं ओळखायचं?

समजा, लक्ष्मी रोडजवळ राहणाऱ्या एका घरात कुत्रा आहे. एरवी संध्याकाळी तो टेकतो तेव्हा अंग सैल असतं, तोंड किंचित उघडं असतं, शेपूट मोकळी असते आणि थोड्या वेळाने तो आपला आपण निघून जातो. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांचा आवाज सुरू झाला की तोच कुत्रा पुन्हा टेकतो. पण आता अंग ताठ आहे, कान मागे गेलेत, शेपूट पोटाशी आहे. धाप लागली आहे, तो सारखे ओठ चाटतोय आणि तुम्ही उठलात की लगेच मागे येतोय.

अशा वेळी “लाड केलेस तर भीती वाढेल” म्हणून त्याला झिडकारू नका. भीती ही भावना आहे, शिकलेली युक्ती नाही. जवळ घेतल्याने ती वाढत नाही. रस्त्यापासून लांबच्या खोलीत न्या, खिडक्या बंद करा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा आणि त्याला टेकू द्या. दरवर्षी खूपच त्रास होत असेल तर गणपती-दिवाळीच्या काही आठवडे आधी पशुवैद्यांशी बोला.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

कुत्रा माणसाला टेकतो तसाच भिंतीला, सोफ्यालाही टेकून उभा राहत असेल तर लक्ष द्या. चालताना मागचे पाय घसटणं, नखं झिजणं, मान एका बाजूला कलणं, गोल गोल फिरणं ही लक्षणं सोबत असतील तर त्रास सांध्यांचा, मणक्याचा किंवा तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचा असू शकतो. तो फक्त डोकं भिंतीवर दाबून धरत असेल तर हे टेकणं नाहीच. यामागे मेंदूचा किंवा यकृताचा आजार असू शकतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं.

बाकी घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल, तर तीस-चाळीस किलोच्या कुत्र्याच्या भाराने ते पडू शकतात. अशा वेळी ढकलू नका. हळूच एक पाऊल बाजूला घ्या, त्याला ‘बस’ म्हणा आणि बसला की कुरवाळा. त्याला हवी असलेली जवळीक मिळते आणि कुणाचा तोलही जात नाही.