टीव्हीच्या पाठीमागचा चौथा पोर्ट

जालन्यात मोठा टीव्ही विकत घेतला की एक-दोन दिवसांत कंपनीचा माणूस येतो, भिंतीला ड्रिल मारतो, ब्रॅकेटवर टीव्ही चढवतो आणि सेट-टॉप बॉक्सची वायर हाताला लागेल त्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचून जातो. त्यानंतर टीव्हीची पाठ कुणाला दिसत नाही. पुढे घरात प्लेस्टेशन ५ येतो, तोही उरलेल्या पोर्टमध्ये बसतो. चित्र दिसतं, खेळ चालतो. पण ज्या १२० हर्ट्झसाठी टीव्हीवर जास्त पैसे खर्च केले, ते मिळतंय की नाही हे कुणी तपासत नाही.

सगळे पोर्ट दिसायला एकसारखे, १९ पिनांचे. फरक असतो तो त्यांच्यामागच्या जोडणीत. एचडीएमआय केबलमध्ये वेगवान संदेश नेणाऱ्या तारांच्या चार जोड्या असतात. २०१३च्या २.० आवृत्तीपर्यंत त्यातल्या तीन जोड्या चित्र वाहून नेत आणि चौथी फक्त ताल धरून ठेवी. सेकंदाला एकूण १८ गिगाबिट जात. २०१७च्या २.१ आवृत्तीने चौथ्या जोडीलाही चित्र वाहायला लावलं आणि प्रत्येक जोडीचा वेग १२ गिगाबिटपर्यंत नेला, म्हणजे एकूण ४८. जुनी उपकरणं चालत राहावीत म्हणून पोर्टचं तोंड मात्र तेच ठेवलं.

आता हिशेब मांडू. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा, साध्या रंगांत पाठवायचे तर नुसत्या ठिपक्यांचेच सुमारे १२ गिगाबिट होतात. हे १८च्या वाटेने सहज जातं. तेच १२० वेळा आणि एचडीआरच्या दहा बिट रंगांत पाठवायचं ठरलं की आकडा ३०च्या आसपास पोचतो. ते जुन्या वेगाच्या पोर्टमध्ये मावणं शक्यच नाही.

मग सगळेच पोर्ट वेगवान का करत नाहीत? कारण हा वेग झेलणारे भाग टीव्हीच्या मुख्य चिपमध्ये असावे लागतात. अनेक मॉडेलांतल्या चिपना असे दोनच प्रवेश होते. २०२१च्या सोनी एक्स-९०-जे मालिकेत चार पोर्ट होते, पण फोर-के १२० फक्त तिसऱ्या आणि चौथ्यावर. त्यातही तिसराच साउंडबारसाठीचा eARC पोर्ट. त्याच वर्षीच्या एलजी सी-१वर मात्र चारही पोर्ट हे काम करत.

म्हणून ‘एचडीएमआय २.१ आहे’ या दुकानातल्या उत्तरावर समाधान मानू नये. २.१च्या नियमांत बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. केवळ eARC दिलं तरी खोक्यावर २.१ लिहिता येतं, पडदा ६० हर्ट्झचाच असला तरी. विचारायचं ते असं: फोर-के १२० कुठल्या क्रमांकाच्या पोर्टवर मिळतं? चांगल्या टीव्हीवर पोर्टशेजारीच 4K 120Hz असं छापलेलं असतं, नाहीतर माहितीपुस्तिकेत मिळतं. पडदाच ६० हर्ट्झचा असेल तर त्यावर फोर-के १२० दिसणारच नाही. तिथे फोर-के ६० आणि एचडीआर घेणारा कुठलाही पोर्ट चालतो.

समजा, एक्स-९०-जेसारख्या टीव्हीला साउंडबार, प्लेस्टेशन ५, निन्टेन्डो स्विच आणि सेट-टॉप बॉक्स जोडायचा आहे. साउंडबार तिसऱ्यात जाईल, कारण eARC तिथेच आहे. प्लेस्टेशन चौथ्यात. जुना स्विच १०८० ओळींपुढे जात नाही, तो आणि बॉक्स पहिल्या-दुसऱ्यात सुखाने राहतील. उद्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आला तर खरी ओढाताण होते. तेव्हा साउंडबार ऑप्टिकल केबलवर नेऊन तिसरा मोकळा करता येतो. आवाजाची सर्वांत उंच प्रत जाते, पण साधा ५.१ आवाज मिळतो. मी तसंच करेन, कारण वेगवान खेळात चित्राचा फरक आधी जाणवतो.

योग्य पोर्ट निवडला तरी टीव्हीत त्याचा पूर्ण वेग बंद असू शकतो. सोनीत HDMI signal format, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीत HDMI Deep Colour अशा नावाची ती सेटिंग असते आणि ती त्या पोर्टसाठी चालू करावी लागते.

खात्री कन्सोलच देतो. प्लेस्टेशनवर Settings, Screen and Video, Video Output इथे जोडलेल्या टीव्हीची माहिती दिसते. 2160p समोर 120Hz नसेल तर पोर्ट किंवा सेटिंग चुकली आहे. फसवा प्रकार असा की चुकीच्या पोर्टवरही १०८० ओळींत १२० मिळू शकतं: हालचाल सफाईदार, पण चित्र पुसट. सगळं बरोबर असूनही मधूनच पडदा काळा होत असेल किंवा ठिपके चमकत असतील, तर संशय केबलवर घ्यावा. कन्सोलसोबत आलेलीच केबल वापरावी; लांब हवी असेल तर Ultra High Speed लेबलची, स्कॅन करून पडताळता येणारी घ्यावी.

आणि हे सगळं टीव्ही भिंतीवर चढण्याआधी करावं. ड्रिलवाला येईल तेव्हा फोर-के १२०च्या पोर्टमध्ये, एक्स-९०-जेसारख्या टीव्हीत चौथ्यात, एक केबल आधीच खोचून तिचं दुसरं टोक खाली सोडायला सांगावं, कन्सोल अजून घेतला नसला तरी.