वीज गेली की कुलूप काय करतं?

इलेक्ट्रिक कुलूप घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: वीज गेल्यावर दार उघडं राहतं की बंद?

चुंबकी कुलूप ‘फेल-सेफ’ असतं. वीज आहे तोवरच चुंबक दार धरून ठेवतो. साधारण 280 किलो ताकदीचा असा चुंबक 12 व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर सतत खातो. म्हणजे 7 अँपिअर-तासांची नवी बॅटरी फार तर 12-14 तास पुरेल, जुनी त्याहून कमी. पावसाळ्यात गावाकडे दोन दिवस वीज गेली, तर फाटक सताड उघडं.

म्हणून घराच्या फाटकाला मी ‘फेल-सिक्युअर’च सुचवेन. त्याला वीज लागते ती फक्त उघडताना, क्षणभर. वीज नसली तरी खटका अडकलेलाच राहतो. बाहेरून किल्लीची सोय मात्र हवीच.

खोलीच्या दारालाही हेच चालेल, पण आतला दांडा विजेशिवाय, नुसत्या हाताने खटका मागे ओढणारा हवा. आत फक्त बटण असेल तर आग लागल्यावर माणूस कोंडला जाईल. असं कुलूप घेऊच नका. बसवल्यावर मेन स्विच बंद करा, बॅटरीची वायर काढा आणि दार दोन्ही बाजूंनी उघडून पाहा. किल्ली तेव्हा खिशात असू द्या.