आउटबॉक्स रिकामा दिसला, म्हणून निघू नका

दिवाळीच्या सुटीआधी मेलबॉक्स आवरताना बरेच जण आउटबॉक्स रिकामा आहे एवढंच पाहतात आणि लॅपटॉप मिटतात. वेळ लावून ठेवलेला मेल तिथेच थांबलेला असतो, हा त्यामागचा गैरसमज. जीमेलमध्ये असा मेल Scheduled नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो. नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये तो Drafts मध्ये, अर्धवट मसुद्यांच्या शेजारीच बसतो. तिथला पसारा सरसकट उडवणाऱ्याने जायला निघालेला मेलही त्यातच उडवलेला असतो.

संगणकावर बसवलेल्या जुन्या आउटलुकमध्ये मात्र Delay Delivery वापरून लावलेला मेल खरोखरच Outbox मध्ये थांबतो. पण नुसता उघडून पाहिला तर काय बिघडतं, असं वाटत असेल तर इथेच फसगत होते. समजा, खरेदी विभागातल्या बाईंनी पुरवठादाराची ऑर्डर सोमवारी सकाळी ९ वाजता जाईल अशी लावली आहे. शुक्रवारी संध्याकाळी रक्कम पुन्हा बघावी म्हणून त्यांनी तो मेल डबलक्लिक करून उघडला. रक्कम बरोबर निघाली, त्यांनी मेल बंद केला. तो Outbox मध्ये दिसतोच आहे, पण सोमवारी तो जाणार नाही. उघडल्यामुळे तो पाठवायच्या रांगेतून बाहेर पडला.

हे ओळखायची खूण साधी आहे, फक्त ती कुणी सांगत नाही. रांगेतल्या मेलची ओळ तिरप्या अक्षरांत दिसते, रांगेबाहेर पडली की अक्षरं सरळ होतात. मेल पुन्हा उघडून Send दाबलं की तो परत रांगेत लागतो. वेळ आधी लावलेलीच राहते.

लॅपटॉप बंद असला तरी मेल जाईल, हे जीमेल आणि नव्या आउटलुकबद्दल खरं आहे, कारण तिथे मेल सर्व्हरवर थांबतो. जुन्या आउटलुकमध्ये पीओपी किंवा आयमॅप खातं असेल, तर ठरल्या वेळी आउटलुक उघडं असावं लागतं. नाहीतर बाईंची ऑर्डर सुटीनंतर लॅपटॉप सुरू झाल्यावरच निघेल आणि पुरवठादाराला वाटेल, आजच दिली.

सुटीचं आपोआप उत्तर लावलं की पाठवायचे मेलही थांबतात, हाही भ्रमच. ते उत्तर फक्त येणाऱ्या मेलांना जातं. ‘आज ११ वाजता भेटू या का?’ हा मेल सुटीतही वेळेवर पोचेल, आणि होकार कळवणाऱ्याला उत्तर मिळेल की तुम्ही गावी आहात.

असा मेल जीमेलमध्ये बदलायचा तर आधी Cancel send दाबावं लागतं आणि तो मसुदा होतो. मजकूर दुरुस्त केल्यावर नवी वेळ लावायची राहिली, तर तो Drafts मध्येच पडून राहतो. मसुदा आपणहून कधीच जात नाही.